खाली पाहा, आणि खाली काहीच नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण आपल्यापैकी बरेच जण पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती यासाठी ऑफिसात मेल टाकत असतात, त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या गल्लीच्या शेवटच्या पाच घरांत जवळपास तीन आठवडे घाण पाणी येत होतं. दिवसभर नाही, फक्त सकाळी. पाणी सहाला येतं आणि सातला जातं. त्यातली पहिली दहा-पंधरा मिनिटं पाण्याला गटाराचा वास, नंतर पाणी स्वच्छ. त्यामुळे ज्याला सांगावं तो सात वाजता नळ उघडून बघायचा आणि म्हणायचा, "अहो, चांगलं तर येतंय की." शेवटच्या घरातली दोन्ही पोरं जुलाबाने आडवी झाली, धाकटीला सलाइन लावावं लागलं, तेव्हा मी रीतसर तक्रारीचा मेल केला. फोटो जोडले, वेळा लिहिल्या, घरांचे क्रमांक दिले.

आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी १०.५२ ला उत्तर आलं. विषयात माझ्याच तक्रारीचा विषय, त्याच्या आधी `Fwd:` लागलेलं. म्हणजे बाईंनी कुणाचं तरी उत्तर मला पुढे पाठवलं होतं. मोठ्या आशेने मेल उघडला. आत दोन शब्द.

See below.

खाली बघितलं. खाली काहीच नाही. ना मजकूर, ना कागद, ना फोटो. बोटाने स्क्रीन वर सरकवत राहिलो, ती पांढरीच.

खरं सांगतो, डोकं फिरलं. तिकडे पोरीच्या हाताला सुई आणि इकडे हे. पाच मिनिटांत उत्तर लिहून तयार होतं : "मॅडम, आपल्या आदेशाप्रमाणे खाली पाहिले. खाली फरशी दिसली. पुढे काय करावे?" वर नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि दोन नगरसेवक यांना प्रत. शिवाय स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, इथेच टाकायला. मथळाही सुचला होता. तुम्ही सगळ्यांनी हसून हसून शेअर केला असता, याची खात्री आहे.

पाठवण्याआधी तो शेजारच्या काकांना दाखवायला गेलो, कारण विनोद एकट्याला पुरत नाही. काकांची सगळी नोकरी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. त्यांनी चष्मा लावून मेल वाचला, मग माझं उत्तर वाचलं. हसले नाहीत. म्हणाले, "हे पाठवलंस तर तुला पाणी मिळेल की टाळ्या?"

मग म्हणाले, "आमच्याकडे असं पत्र आठवड्यातून एकदा तरी यायचं. लिहिलेलं असायचं 'सोबत : वरीलप्रमाणे', आणि सोबत काही नसायचं. कुठे टाचणी निघालेली, कुठे कारकून जोडायलाच विसरला, कधी पाकीट फाडताना आम्हीच आतला कागद कचऱ्यात टाकलेला. त्यावर काय लिहायचं ते ठरलेलं होतं. 'सहपत्र प्राप्त झालेले नाही.' बस. कुणी जोडलं नाही, कुणी हरवलं, कुणी मुद्दाम केलं, यातलं एक अक्षर नाही."

ते वाक्य मी आयुष्यभर सरकारी कागदांवर वाचलं असेन, आणि अशा भाषेची टिंगलही केली असेल. पण त्या दिवशी ते नीट ऐकलं. 'प्राप्त झालेले नाही.' या वाक्यात कर्ताच नाही. 'तुम्ही पाठवलं नाही' असं म्हटलं की समोरच्याला आधी स्वतःचा बचाव करावा लागतो. 'मला मिळालं नाही' म्हटलं की त्याला फक्त परत पाठवायचं काम उरतं. आणि मुख्य म्हणजे ते वाक्य खरं असतं. मला एवढंच माहीत होतं की माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मधे काय झालं ते मला कुठे माहीत होतं?

काकांचं पुढचं म्हणणं होतं, "लिहिण्याआधी आपलं टेबल आधी तपासायचं. पाकिटात कागद चिकटलेला असतो बरेचदा." म्हणून घरी येऊन आधी ते केलं. कसं केलं ते सांगतो, कारण इथेच बरेच जण फसतात.

पहिली गोष्ट, जीमेल जुना मजकूर लपवतं. एकाच विषयाची चार पत्रं झाली की आधी येऊन गेलेला वाटणारा भाग ते दुमडून ठेवतं आणि मेलच्या तळाशी तीन टिंबांचं छोटंसं बटण दाखवतं. त्यावर टिचकी मारली की खालचं सगळं उलगडतं. कितीतरी 'रिकामे' मेल असे रिकामे नसतातच. माझ्या मेलला टिंबं नव्हती.

दुसरी गोष्ट, तोच मेल मोबाईलऐवजी कॉम्प्युटरवर उघडायचा. मोबाईलवर कधी कधी जोडपत्र नीट दिसत नाही, किंवा चित्र म्हणून टाकलेला मजकूर उतरलेलाच नसतो. काही जण मूळ मेल मजकुरात न टाकता आख्खा मेलच जोडपत्र म्हणून पाठवतात, त्या फाईलच्या शेवटी `.eml` असतं आणि ती फोनवर उघडेलच असं नाही. माझ्याकडे कॉम्प्युटरवरही काही दिसलं नाही. स्पॅममध्येही दुसरा मेल नव्हता.

तिसरी गोष्ट मला भाचीने दाखवली. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यात उभी तीन टिंबं असतात, त्यात `Show original` असा पर्याय आहे. तो दाबला की मेल जसा आला तसा कच्च्या रूपात दिसतो. वर बरंच अगम्य असतं, ते सोडून द्या. माझ्या कामाचं एवढंच होतं :

```
Subject: Fwd: RE: ...
References: <...> <...> <...>
Content-Type: text/plain; charset="UTF-8"

See below.
```

`References` या ओळीत आधीच्या पत्रांच्या खुणा असतात, प्रत्येक पत्राची एक. माझ्याकडे तीन होत्या. मी तर एकच मेल केला होता. म्हणजे माझ्या तक्रारीनंतर ऑफिसात आपसात किमान दोन पत्रं झाली होती. फाईल हलली होती! आठ दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही, हा माझा समज तिथेच कोसळला.

`Content-Type: text/plain` म्हणजे नुसता साधा मजकूर. जोडपत्र आलं असतं तर मेलचे दोन-तीन भाग दिसले असते आणि त्यातल्या एकावर `attachment` असं लिहिलेलं असतं. इथे एकच भाग होता आणि त्यात दोनच शब्द. म्हणजे माझ्या फोनने काही लपवलं नव्हतं. माझ्यापर्यंत आलाच तो मेल रिकामा.

पण यातून 'बाईंनी काही जोडलंच नाही' असं सिद्ध होतं का? नाही होत. वाटेतला एखादा सुरक्षा फिल्टरही जोडपत्र काढून टाकू शकतो. बहुतेक वेळा तो तसं सांगणारी ओळ ठेवतो, पण नेहमी ठेवेलच असं नाही. म्हणजे मला ठामपणे म्हणता येण्यासारखं वाक्य पुन्हा तेच राहिलं, काकांचं : प्राप्त झालेले नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? गप्प बसायचं, त्यांची चूक त्यांना कळेल. इथेच खरी गोम आहे आणि या पोस्टचं कारणही तेच आहे.

आपल्या दृष्टीने तो मेल रिकामा असतो. ऑफिसच्या दृष्टीने ते उत्तर असतं. त्यांच्या 'पाठवलेले' खात्यात तारीख-वेळेसह नोंद झालेली असते की तक्रारदाराला कळवलं. पुढच्या आढाव्याला साहेबांनी विचारलं, "त्या गल्लीचं काय?" तर उत्तर तयार असतं, "कळवलंय सर, त्यांच्याकडून काही आलं नाही." आणि तक्रार निकाली. यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही. पाठवणाऱ्या माणसाला मनापासून वाटत असतं की आपण कळवलंय. तुम्ही रागावून गप्प बसलात तर कागदावर चित्र असं राहतं की उत्तर मिळालं आणि तुमचं समाधान झालं.

म्हणून उत्तर त्याच दिवशी द्यायचं. त्या उत्तराला दोन कामं एकदम करावी लागतात. समोरच्याला ओशाळवाणं करायचं नाही, आणि 'कळवलंय' ही नोंद तशीच राहू द्यायची नाही.

तेवढ्यात घरात माहितीच्या अधिकाराचा विषय निघालाच. तो अधिकार मोलाचा आहे, मी वापरलेलाही आहे. पण त्यात माहिती द्यायला ३० दिवसांची मुदत असते. मला फाईल नको होती, मला पाईप दुरुस्त झालेला हवा होता. आणि पहिल्याच पत्रात कायद्याचं कलम आलं की समोरचा माणूस काम बाजूला ठेवून वकिली भाषेत जपून लिहायला लागतो. ते शस्त्र म्यानात ठेवलं.

फरशीवालं उत्तर पुसलं, आणि काका शेजारी बसलेले असताना हे लिहिलं :

"नमस्कार मॅडम,
आपला आज सकाळी १०.५२ चा मेल मिळाला, आभारी आहे. मेलमध्ये 'See below' एवढं दिसतं, त्याखालचा मजकूर मात्र माझ्यापर्यंत पोचलेला नाही. मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे पाहिलं. जोडपत्रही दिसत नाही.
तो मजकूर कॉपी करून सरळ मेलमध्ये टाकून पाठवता आला तर बरं होईल. सगळा पाठवणं सोयीचं नसेल तर एवढं कळवलं तरी चालेल : पाहणीची तारीख ठरली आहे का, आणि आमच्यापैकी कुणी हजर राहायला हवं का?
पाणी सकाळी ६ ते ७ येतं आणि वास पहिल्या पंधरा मिनिटांतच येतो. शेवटच्या घरातली दोन मुलं आजारी आहेत, म्हणून आजच विचारतो आहे. फोनवर सांगितलंत तरी चालेल, क्रमांक खाली दिला आहे.
मजकूर मिळेपर्यंत तक्रार प्रलंबित ठेवावी, ही विनंती. माझी मूळ तक्रार सोयीसाठी खाली जोडली आहे."

एवढंच. पण यातली प्रत्येक ओळ काकांनी तपासली, त्याची कारणं सांगतो.

वेळ लिहिली, म्हणजे त्यांना आपला मेल शोधायला सोपं जातं आणि कुठल्या मेलबद्दल बोलतोय ते नोंदीत राहतं. 'दोन्हीकडे पाहिलं' लिहिलं, म्हणजे "जरा नीट बघा ना" असं उलट उत्तर यायची वाट बंद. मी आधी लिहिलं होतं, "बहुतेक माझ्याच फोनचा काहीतरी घोळ असावा." काकांनी ते खोडलं. म्हणाले, "तुझ्या फोनचा घोळ नाही हे तू पाहिलंयस, मग खोटं का लिहितोस? उद्या तेच तुझ्यावर उलटेल, तक्रारदाराच्या फोनमधला दोष म्हणून." सौजन्य म्हणजे दोष आपल्याकडे ओढून घेणं नव्हे, हे मला त्या खोडलेल्या ओळीने शिकवलं.

'परत फॉरवर्ड करा' असं मुद्दाम म्हटलं नाही. ज्या वाटेने एकदा मजकूर गळाला त्याच वाटेने पुन्हा गळेल. कॉपी करून टाका म्हटलं की वाट बदलते. 'सगळा पाठवणं सोयीचं नसेल तर' हे काकांच्या अनुभवातून आलं. ऑफिसात आपसात जे लिहिलं जातं ते सगळं बाहेर देता येत नाही, कधी त्यात दुसऱ्या तक्रारदारांचे फोन नंबर असतात. त्यामुळे दोन नेमके प्रश्न विचारून ठेवले. एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न असला की माणूस उभ्या उभ्या उत्तर देऊन टाकतो.

'प्रलंबित ठेवावी' या दोन शब्दांसाठी तर हा सगळा मेल. नोंद तिथे तुटते. मवाळ आवाजात, पण तुटते.

प्रत कुणालाच दिली नाही. मुख्याधिकाऱ्यांना प्रत गेली की बाईंची चूक वरिष्ठांसमोर उघडी पडते, आणि मग त्यांना मजकूर पाठवण्याआधी खुलासा पाठवावा लागतो. चूक सुधारायची पहिली संधी ज्याची त्यालाच, एकट्याला. आणि नवा मेल न करता त्याच मेलला उत्तर दिलं, म्हणजे सगळी साखळी एका जागी राहिली.

आता गंमत ऐका. 'मूळ तक्रार खाली जोडली आहे' असं लिहून मी पाठवायला बोट नेलं आणि काका म्हणाले, "दाखव जोडलेली." खाली काही नव्हतं! रिप्लाय केला की फक्त त्या मेलमधला मजकूर खाली येतो, आणि त्या मेलमध्ये होतं काय, तर 'See below'. माझी तक्रार वेगळ्या मेलमध्ये होती. मीसुद्धा तीच चूक करणार होतो, त्याच चुकीबद्दलच्या पत्रात. मुकाट्याने तक्रार कॉपी करून खाली टाकली. फोटोही नव्याने जोडले, कारण रिप्लाय करताना जोडपत्रं आपोआप जात नाहीत, ती फॉरवर्डमध्येच जातात.

दुपारी साडेबाराला मेल गेला. तीन चाळीसला फोन वाजला. बाईच होत्या. "सर, सॉरी, माझ्याकडून खालचं सगळं डिलीट झालं वाटतं. बरं झालं आजच कळवलंत."

बरं झालं म्हणजे किती बरं, ते त्यांनी वाचून दाखवल्यावर कळलं. पाणीपुरवठ्याच्या माणसांनी गुरुवारी सकाळी, पाणी चालू असताना, गल्लीत खड्डा घेऊन पाहायचं ठरवलं होतं. गळती शोधायची तर पाणी चालू असताना शोधावी लागते. त्यासाठी गल्लीतलं कुणीतरी पावणेसहाला हजर हवं होतं, कुणाचा नळजोड कुठून गेलाय ते दाखवायला, कारण जुन्या जोडांचा नकाशा त्यांच्याकडे नव्हता. आणि ते बुधवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर तो दिवस दुसऱ्या वॉर्डाला.

मंगळवारी मी फरशीचा विनोद पाठवून दोन दिवस टाळ्या मोजत बसलो असतो, तर गुरुवार गेला होता.

गुरुवारी खड्डा झाला. आधी त्यांनी ओटी टेस्ट केली. काचेच्या नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब टाकतात, पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. गल्लीच्या तोंडाशी पिवळा आला. शेवटच्या घरात, पहिल्या दहा मिनिटांच्या पाण्याला, काहीच आला नाही. म्हणजे क्लोरीन मधेच कुठेतरी घाणीत खर्ची पडत होतं. दोन ठिकाणी खणल्यावर सापडलं. शेवटच्या घरांकडे जाणारा जुना लोखंडी पाईप चक्क गटारातून गेलेला, आणि गटाराच्या पाण्याखाली त्याला गंजून भोक. पाणी चालू असताना आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, त्यामुळे घाण आत येत नाही. सातला पाणी बंद झालं, पाईप रिकामा होऊ लागला की आत ओढ तयार होते आणि गटाराचं पाणी भोकातून आत. ते रात्रभर पाईपात बसतं आणि सकाळी पहिल्यांदा तेच नळाला येतं. म्हणून सहाला वास, सातला स्वच्छ.

त्याच दिवशी तात्पुरता पट्टा मारला. पुढच्या आठवड्यात जोड गटाराबाहेरून नवा टाकला. आता शेवटच्या घरातही नळीत पिवळा रंग येतो, आणि धाकटी खेळायला लागलीय.

खड्ड्याच्या काठावर चहा घेताना बाईंनीच हसत हसत सांगितलं, मेल रिकामा कसा झाला ते. (त्यांना विचारूनच लिहितोय.) त्या साइटवर होत्या, मोबाईलवरून फॉरवर्ड करत होत्या. खालच्या साखळीत त्यांच्याच एका सहकाऱ्याने माझ्याबद्दल जरा तिरकस लिहिलं होतं. 'हे गृहस्थ फार लिहितात' अशा अर्थाचं. ते माझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी तेवढा भाग निवडून पुसायला घेतला, आणि बोटाखाली सगळंच निवडलं गेलं. समोर कंत्राटदार उभा, घाई, वर दोन शब्द आधीच लिहिलेले, पाठवून मोकळ्या झाल्या.

म्हणजे ज्या रिकाम्या जागेवरून मी त्यांची जाहीर टर उडवणार होतो, ती जागा मला वाईट वाटू नये म्हणून रिकामी झाली होती. ते ऐकल्यावर चहा जरा कडूच लागला.

सगळेच रिकामे मेल असे नसतात, हेही मला माहीत आहे. कुणी फक्त 'कळवलं' ही नोंद करण्यासाठीही पाठवत असेल. पण बघा, उत्तर दोन्हीकडे तेच लागू पडतं. चूक असेल तर कुणाचा अपमान होत नाही, आणि मुद्दाम असेल तर 'प्राप्त झालेले नाही, प्रलंबित ठेवावी' या नोंदीने डाव मोडतो. माणूस कसा आहे ते ओळखत बसायची गरजच पडत नाही.

याला मर्यादा आहे. दुसऱ्यांदाही रिकामाच मेल आला तर लिहू नका, फोन करा. फोनही उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी दोन्ही मेलांचे प्रिंट आणि मूळ तक्रार घेऊन ऑफिसात जा, अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तिथे वरिष्ठांना प्रत द्यायला हरकत नाही, कारण संधी देऊन झालेली असते. आणि तोपर्यंत रिकामा मेल पुसू नका. तोच तुमचा पुरावा.

आणि आपण स्वतः कुणाला काही पुढे पाठवतो तेव्हा? नुसतं 'खाली पाहा' लिहू नका. खाली काय आहे ते एका ओळीत वरच लिहा : "खाली पाणीपुरवठ्याचं उत्तर आहे, गुरुवारी पावणेसहाला खड्डा घेणार आहेत." मग खालचं सगळं गळालं तरी माणूस पावणेसहाला उभा असतो. कागदाच्या काळात शेरा त्याच कागदावर मारत, त्यामुळे शेरा आणि मजकूर यांची ताटातूट व्हायची नाही. मेलमध्ये ती एका बोटाने होते.

तो स्क्रीनशॉट आजही फोनमध्ये आहे. टाकणार नाही.

वरचं पत्र कुणाला लागलं तर खुशाल उचला. फक्त पाठवण्याआधी एकदा खाली बघून घ्या.